कार्डावरचे धागे

सूचना मीच लिहिली. म्हणजे शब्द डॉक्टरांचे, अक्षर माझं. डॉक्टरांना आता अक्षर दिसत नव्हतं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा मधला भाग पुसल्यासारखा होतो आणि कान तेवढे नीट दिसतात, असं ते सांगायचे. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं सभ्यपणे घालू का विचारलं, तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, कारण डोळे आहेत तर डोळेच लिहा.

तर दवाखान्याच्या दारावर लागलं ते असं:

‘सर्व पेशंटांस कळवण्यात येते की माझी दृष्टी कमी झाल्यामुळे या महिन्याच्या तीस तारखेला दवाखाना कायमचा बंद होत आहे. त्यानंतरचे उपचार पुलाजवळच्या औषधाच्या दुकानावर नवीन दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई करतील. आपण सही दिल्यास आपली कार्डे स्कॅन करून त्यांच्याकडे दिली जातील. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे असल्यास प्रत मिळेल. सही न देणाऱ्यांची कार्डे नियमाने ठरलेली वर्षे माझ्याकडे बंद राहतील व मागितल्यावर मिळतील. रोजची औषधे चालू असणाऱ्यांनी संपण्याची वाट न पाहता महिन्याभराची चिठ्ठी आधीच न्यावी. तातडीच्या वेळी थेट मोठ्या हॉस्पिटलात जावे. जे हयात नाहीत त्यांची कार्डे कुठेही दिली जाणार नाहीत.’

खाली फोन नंबर, आणि डॉक्टरांची सही. सही त्यांनी माझ्या बोटाच्या आधाराने केली, तरी ती ओळीवर चढली.

मला सगळे कार्डबाई म्हणतात. एकतीस वर्षं मी त्या खिडकीत बसले. खरं नाव घरच्यांना आणि बँकेला माहीत असेल. पेशंट आत आला की त्याचं तोंड बघून माझा हात आपोआप फळीकडे जायचा, आणि याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे कार्ड माणसाच्या नावावर नव्हतं, घरावर होतं. एखाद्या घरातला पहिला माणूस ज्या दिवशी दवाखान्यात आला त्या दिवशी त्या घराला नंबर मिळाला, आणि पुढची सगळी पोरंबाळं त्याच गठ्ठ्यात. मुलगी लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेली तरी कार्ड माहेरच्याच गठ्ठ्यात राहायचं. डॉक्टर म्हणायचे, आजार माहेरचा असतो, सासरचा फक्त खोकला.

सूचना लागल्यावर गल्लीत दोन दिवस नुसता गोंधळ होता. इस्त्रीवाला सांगून गेला की डॉक्टर दिसत नाहीत म्हणून बंद करतात हे त्याला मान्य नाही, त्याला डॉक्टर चांगले दिसतात. एका बाईने सही दिली, पण अट घातली की कार्ड जाऊ दे, वजन जाऊ देऊ नका. निवृत्त मास्तरीणबाईंनी सूचना उभ्याउभ्या वाचली, एक स्वल्पविराम चुकल्याचं सांगितलं, आणि मग बाकावर बसून रडल्या.

स्कॅनिंगचं काम करणारा माणूस बुधवारी येऊन कार्डं बघून गेला. त्याने मला स्पष्ट सांगितलं की कार्डाला पिन नको, स्टेपल नको, चिकटपट्टी नको, दोरा तर अजिबात नको. एक दोरा आत गेला की मशीन दिवसभर हटून बसतं. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

आमच्या काही कार्डांना धागे होते. कोपऱ्यात एक भोक, त्यातून ओवलेला रंगीत धागा. डॉक्टरांनी सुरुवातीपासून लावलेली पद्धत. लाल म्हणजे या माणसाला एखादं औषध चालत नाही. निळा म्हणजे सुई बघून हा कोसळतो, आडवा करूनच टोचा. हिरवा म्हणजे याला ऐकू कमी येतं किंवा वाचता येत नाही, तेव्हा हळू आणि दोनदा सांगा. गठ्ठ्यातून कार्ड उपसतानाच बोटाला धागा लागायचा आणि डॉक्टर सावध व्हायचे. औषधाचं नाव वगैरे आत लिहिलेलं असायचंच. म्हणून मी निर्धास्त होते.

तीन दुपारी बसून मी सगळे धागे काढले. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकले. लाल, निळे, हिरवे एकात एक गुंतून त्यांचा एक गोळा झाला. कार्डं मात्र अशी सपाट, गुळगुळीत झाली की मीच त्यांच्यावरून हात फिरवत बसले. मेलेली कार्डं, म्हणजे वारलेल्यांची, पत्र्याच्या ट्रंकेत होती. ती सूचनेप्रमाणे कुठेच जाणार नव्हती, म्हणून त्यांना हात लावला नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी नव्या डॉक्टरीणबाई पहिल्या खोक्यातली कार्डं बघायला आल्या. तिशीतल्या, केस घट्ट बांधलेले, प्रत्येक वाक्य संपवून बोलणाऱ्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांनी आधी डॉक्टरांच्या खुर्चीवर बसायचं नाकारलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या, तेव्हा राग यायचा राहिला. एकेक कार्ड उलटताना त्या थांबल्या. दोन कार्डं शेजारी शेजारी धरली. विचारलं, दोन्हींच्या कोपऱ्यात भोक आहे, एकात पेनिसिलीन चालत नाही असं लिहिलंय आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं का?

मी सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हाच मला आठवलं.

वाळवी. पंधरा वर्षांपूर्वी खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागली होती. कार्डांचा भुसा झाला होता. तेव्हा मीच नवीन कार्डं केली, नाव-वय-घर लिहिलं, आणि जुन्या कार्डांच्या उरलेल्या कोपऱ्यांवरचे धागे सोडवून नव्यांवर बांधले. डॉक्टर म्हणाले होते, बाकीचं पेशंट येतील तसतसं मी लिहीन. बहुतेक ठिकाणी लिहिलंही. पण जो माणूस आलाच नाही, किंवा आला तेव्हा दवाखान्यात जत्रा होती, त्याच्या कार्डावर फक्त धागा होता. त्या माणसाची माहिती म्हणजे तो धागाच. आणि तो मी डब्यात टाकला होता.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर रडले असते. त्या मला एकही शब्द टाकून बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, भोकं मोजू या.

भोकं निघाली एकशे बेचाळीस. त्यातल्या एकशे एकवीस कार्डांत आत स्वच्छ लिहिलेलं होतं. उरली एकवीस. एकवीस भोकं, एकवीस माणसं, आणि प्रत्येकाच्या बाबतीत लाल, निळा की हिरवा हे सांगणारा जगात एकच माणूस. आणि तो आतल्या खोलीत गॉगल लावून चहाची वाट बघत बसला होता.

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.  ते म्हणाले, “बाई, भोक तुम्ही पाडलं नाही. मी लिहायला आळस केला, ते भोक माझं. वाचा.”

मी पहिलं नाव वाचलं. त्यांनी हात वर केला. म्हणाले, नाव नको, नावं माझ्याकडे कधीच राहिली नाहीत. तो काय करतो ते सांगा. मी म्हटलं, कंडक्टर. त्यांनी मान मागे टाकली आणि ते बोलू लागले.

“लाल. लघवीच्या जळजळीला सल्फा दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ओठ असे सुजले की शिट्टी वाजवता येईना. बस स्टॉपवरच उभी राहिली आणि तो लोकांना हाताने चला चला करत होता.”

पुढचा, रद्दीवाल्याची सून. निळा, पहिल्या बाळंतपणात टिटॅनसची सुई बघून टेबलाखाली गेली होती. पुढचा, शाळेचा शिपाई. हिरवा, डाव्या कानाने काही ऐकत नाही पण प्रत्येकाला हो म्हणतो, म्हणून उजव्या बाजूने बोला. पुढची, शिंपीणबाई. लाल, दातदुखीच्या गोळीने अंगावर पित्त उठलं, आणि तरी ती डॉक्टरांना म्हणाली होती की रंग छान आलाय. एकेक माणूस त्या खोलीत येऊन उभा राहत होता. ज्यांचे चेहरे आता डॉक्टरांना दिसत नव्हते, ते सगळे त्यांच्या आत जसेच्या तसे बसलेले होते. त्यांचे ओठ, त्यांची भीती, त्यांनी त्या दिवशी काय म्हटलं ते. मी एकतीस वर्षं त्या माणसाला कार्डं काढून दिली आणि मला वाटत होतं, दवाखाना माझ्या फळ्यांवर उभा आहे.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, पण नुसत्या आठवणीवर विसंबून नाही. प्रत्येकाला त्या माझ्याकडून लगेच फोन लावून घेत होत्या. कंडक्टर फोनवर म्हणाला, हो हो, ओठ, सूज, शिट्टी, सगळं खरं, पण तुम्हाला कोणी सांगितलं? वीस जण फोनवर मिळाले आणि वीसच्या वीस जुळले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. 

एकविसावं कार्ड घड्याळजींचं.

चौकात टीचभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारे, ते घड्याळजी. अत्यंत मितभाषी माणूस. मी म्हटलं, “घड्याळजी.” डॉक्टरांनी मान मागे टाकली. मग सरळ केली. पुन्हा मागे टाकली.

“कोसळले होते,” ते म्हणाले. “याच टेबलावर. एवढं आठवतंय. पेनिसिलीनच्या सुईनंतर. पण सुईला घाबरून की औषधाने, ते...” त्यांनी गॉगल काढला आणि डोळे चोळले, जणू ते डोळ्यांमुळे दिसत नव्हतं. “नाही आठवत. खोटं सांगणार नाही. आठवत नाही.”

त्या ‘आठवत नाही’ने मी आधीच्या वीस उत्तरांपेक्षा जास्त हलले. वीस वेळा बरोबर आलेला माणूस एकविसाव्या वेळी सहज एक रंग सांगून गेला असता, आणि आम्ही दोघींनी डोळे मिटून लिहिला असता.

मी घड्याळजींना फोन लावला. फोन मुलीने उचलला. म्हणाली, मावशी, बाबांना हॉस्पिटलात भरती केलंय, उद्या अकरा वाजता हर्नियाचं ऑपरेशन आहे. तुमच्याकडून कार्ड आलंच नाही म्हणून त्यांनी तिथेच सगळं विचारून फॉर्म भरला. औषधाची ॲलर्जी आहे का विचारलं, तर बाबा म्हणाले, काही नाही. मी विचारलं, मागे दवाखान्यात चक्कर आली होती ते सांगितलं का? ती हसली. म्हणाली, ते सुई बघून घाबरले होते, आई त्यांना कायम चिडवायची.

डॉक्टरीणबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि थेट हॉस्पिटलच्या वॉर्डात लावला. स्पष्ट सांगितलं की पेनिसिलीनच्या घातक रिअॅक्शनची शंका आहे, खात्री होईपर्यंत तशी आहे असंच समजा. नर्सने नोंद घेतली. डॉक्टरांनीही पत्र सांगितलं, मी लिहिलं. पण पत्र लिहून झाल्यावर डॉक्टर म्हणाले की हा शंकेचा कागद आहे. शुद्धीतला पेशंट स्वतः ‘काही नाही’ म्हणतोय, मुलगी हसतेय, आणि तिकडे दोन अनोळखी डॉक्टर शंका लिहून पाठवतायत. ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिक देतात. सकाळी माणसं बदलतात. शंका पायरी उतरता उतरता बारीक होत जाते. खात्री बारीक होत नाही.

मला रात्रभर, नाही, रात्रीचं सोडा. मला त्याच दुपारी खुर्चीवर बसवेना. धागा मी काढला होता. निळा असेल तर काहीच नाही, माणूस आडवा करून टोचायचा. लाल असेल तर एक सुई आणि संपलं. आणि तो धागा डब्यातल्या गोळ्यात कुठेतरी होता, बाकीच्या एकशे एकेचाळीसांसारखाच, आणि तो काही बोलणार नव्हता. मी वेड्यासारखा तो गोळा उलगडायला घेतला. डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

तेव्हा मुलीचा शब्द डोक्यात परत वाजला. आई त्यांना चिडवायची. आई.

घड्याळजींच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली. तिचं कार्ड ट्रंकेत. मी ट्रंक ओढली. घड्याळजींच्या घराचा नंबर काढला, गठ्ठा सोडला. त्यात घड्याळजींचे वडील होते, एक काका होते, ती नव्हती. मी तीनदा बघितलं. आणि मग मला माझीच पद्धत आठवली आणि मी कपाळावर हात मारला. ती गल्लीतलीच मुलगी होती. पोस्टमनची धाकटी. आजार माहेरचा. तिचं कार्ड पोस्टमनच्या घरात.

ट्रंकेत येण्याआधी पोस्टमनच्या घराची कार्डं सगळ्यात वरच्या फळीवर असायची. वाळवी तिथवर कधी पोचलीच नव्हती.

ट्रंकेतल्या त्या घराच्या गठ्ठ्याची मी दोरी सोडली आणि बोटाला धागा लागला. लाल. संपूर्ण दवाखान्यात धागे आता फक्त या ट्रंकेतच उरले होते, कारण मेलेल्यांना मशीनमध्ये जायचं नव्हतं.

कार्डाला सात पानं जोडलेली होती. तिसऱ्या पानावर बावीस वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि डॉक्टरांचं तेव्हाचं सुरेख, तिरकं अक्षर. मी मोठ्याने वाचलं.

“‘धडधड, झोप नाही. काल नवऱ्याला पेनिसिलीन इंजेक्शननंतर पाच मिनिटांत अंगभर पित्त, श्वास घुसमटला, बीपी खाली. ॲड्रिनलिनने परतला. नवरा म्हणतो सुईची चक्कर. ऐकत नाही. बायकोला नीट समजावले: पुन्हा कधीही नाही. ती म्हणाली, त्यांना राहू द्या, मी लक्षात ठेवीन. लाल धागा हिच्याही कार्डाला.’”

 डॉक्टरांनी हात पुढे केला. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते त्या धाग्यावरून अंगठा फिरवत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसली नाही.

मेलेल्यांचं कार्ड कुठेही द्यायचं नाही, असं सूचनेत आम्हीच लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, कार्ड द्यायचं नाही, माहिती नवऱ्याची आहे; ती पत्रात घ्या, तारखेसकट, आणि कार्ड इथेच ठेवा. मी नवीन पत्र लिहिलं. यात शंका हा शब्द नव्हता. त्यांनी सही केली. या वेळी ती सरळ आली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वॉर्डात फोन लावून भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच बोलावून घेतलं, तारीख, औषध, किती मिनिटांत काय झालं, सगळं सांगितलं, आणि पत्राचा फोटोही पाठवला. काम तिथेच झालं होतं. पण मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कागद हातात घेऊन हॉस्पिटलात गेले. फोटोवर माझा विश्वास नाही. माझं सगळं आयुष्य कागदावर गेलंय.

घड्याळजी पलंगावर बसले होते, हॉस्पिटलचे कपडे, भिंगाशिवाय डोळे छोटे दिसत होते. हातातलं घड्याळ काढून मुलीकडे दिलेलं. मी पत्र नर्सच्या हातात दिलं. तिने फाइलवरचं ‘काही नाही’ खोडलेलं मला दाखवलं. काल संध्याकाळीच खोडलं होतं, खाली औषधाचं नाव लाल शाईने, दोन सह्या. मग तिने ड्रॉवरमधून प्लास्टिकची लाल पट्टी काढली, त्यावर नाव लिहिलं आणि घड्याळजींच्या डाव्या मनगटाला बांधली. ॲलर्जी असली की ही बांधतो, म्हणाली, आत सगळ्यांना लांबूनच दिसते.

लाल. मनगटाला. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

मी घड्याळजींना सगळं सांगितलं. धाग्यांबद्दलची माझी चूक आधी, आणि मग कार्डावर काय लिहिलंय ते. ‘मी लक्षात ठेवीन’ हे मी शब्दशः सांगितलं. मुलगी तोंडावर हात घेऊन उभी होती.  घड्याळजी हळूहळू, एकेक भाग जुळवत असल्यासारखे बोलले.

“कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की ती माझ्याआधी आत शिरायची. दातवाल्याकडेसुद्धा. मी बाहेर चपला काढत असायचो तोवर तिचं बोलून झालेलं असायचं. मला वाटायचं, काय ही बडबड करते सगळीकडे.”

 नर्स बाहेर गेली.

“परवा त्यांनी विचारलं, काही ॲलर्जी? बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते मला विचारलं कोणी. पहिल्यांदा मी स्वतः उत्तर दिलं.”

 मी म्हटलं की कार्ड दवाखान्यातच राहणार आहे, धाग्यासकट. ट्रंक बंद होण्याआधी त्यांना बघायचं असेल तर मी काढून ठेवते. त्यांनी मान हलवली. स्ट्रेचर आलं. झोपता झोपता, वर्षानुवर्षांच्या सवयीने, किती वाजले ते बघायला त्यांनी डावा हात वर केला. तिथे घड्याळ नव्हतं, लाल पट्टी होती. ती त्यांनी डोळ्यांजवळ नेली, दुकानात बिघडलेलं घड्याळ नेत तशी, आणि दाराबाहेर नेईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. मी दवाखान्यात परतले, दारावरची सूचना काढली आणि तिच्या शेवटी माझ्या मनाने एक ओळ घातली: ‘आपल्या औषधांबद्दल आपल्या वतीने कोण बोलत होतं ते आठवा, आणि ते काय सांगत होतं ते विचारून ठेवा.’ डॉक्टरांना वाचून दाखवली. त्यांनी ती ठेवायला सांगितली.